अब्बांच्या तपासण्या आणि दहा वाजेपर्यंतची सवलत

गेल्या वर्षी अब्बांच्या तपासण्यांसाठी मी साहेबांकडे दहा वाजेपर्यंतची सवलत मागितली आणि ऑफिसात पोहोचलो एक वाजता. साहेब काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी विचारताना माझी जीभ अडखळली.

चूक घरातच झाली होती. डॉक्टरांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, शिवाय पोटाची सोनोग्राफी लिहून दिली होती. "उपाशी यायचं" म्हटल्यावर अब्बांनी रोजासारखं पाणीही सोडलं. रक्त सव्वाआठला दिलं. सोनोग्राफीला मात्र लघवीची पिशवी भरलेली लागते, नाहीतर प्रोस्टेट नीट दिसत नाही. तिथंच बाटलीभर पाणी पाजून तासाहून जास्त बसलो. सोनोग्राफी होईपर्यंत खायचंही नव्हतं. नाश्ता सव्वादहाला झाला आणि दुसरं रक्त पहिल्या घासापासून दोन तासांनी द्यायचं, म्हणजे सव्वाबाराला. हे दोन तास कुणालाच कमी करता येत नाहीत. लवकर रक्त दिलं तर आकडा चुकीचा येतो.

यंदा आधी सेंटरला फोन करून सोनोग्राफीची वेळ घेतली, मग उलटा हिशेब मांडला. सकाळी सातपासून साधं पाणी, चहा नाही, लघवी रोखून धरायची. आठला रक्त, साडेआठला सोनोग्राफी, सव्वानऊला घरून नेलेली चपाती-भाजी आणि तिच्यासोबत रोजची शुगरची गोळी. (गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारायलाच हवं.) सव्वाअकराला दुसरं रक्त. मुद्दाम बुधवार निवडला. शुक्रवारी उशीर झाला असता तर अब्बांचा जीव जुम्याच्या नमाजसाठी वरखाली झाला असता.

चार दिवस आधी अर्ज दिला: "बुधवारी वडिलांच्या ठरलेल्या तपासण्यांसाठी दुपारी साडेबारापर्यंत सवलत मिळावी. दोन रक्तनमुन्यांत दोन तासांचं अंतर सक्तीचं असल्यानं एवढा वेळ लागतो. सकाळची बिलं मंगळवारी संध्याकाळी पूर्ण करून ठेवीन. राहिलेलं काम त्याच दिवशी उशिरा थांबून संपवीन. सवलत शक्य नसल्यास अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा धरावी."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. ती दिवसांत मोजलेली आहे. तासांची सवलत देणं साहेबांच्या हातात असतं.

साहेबांनी अर्ज वाचून एवढंच विचारलं, "दोन तास थांबावंच लागतं का?" त्यांच्या आईचीही तपासणी राहिली होती. त्या बुधवारी मी बाराला दहा कमी असताना टेबलावर होतो. अब्बांना भाऊ रिक्षानं घरी घेऊन गेला.