काच ओली असेपर्यंत

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. पुढे त्या खोलीची भिंग लावलेली पेटी झाली आणि चित्रकार तिच्यातली प्रतिमा कागदावर गिरवू लागले. अडचण होती ती प्रतिमा टिकवण्याची. फ्रान्समध्ये न्येप्सने १८२६-२७च्या सुमारास डांबर लावलेल्या पत्र्यावर ती टिकवली, पण त्यासाठी पत्रा कितीतरी तास कॅमेऱ्यात ठेवावा लागला. १८३९मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचं हे चित्र अतिशय सुबक असे, पण त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅलबटच्या कागदी निगेटिव्हवरून प्रती निघत, मात्र कागदाचे तंतू त्यांत उतरत.

काचेला तंतू नसतात. तिच्यावर रसायन धरून ठेवण्याची युक्ती इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१मध्ये प्रसिद्ध केली. ती अजूनही वापरणाऱ्या एका मित्राच्या स्टुडिओत मी ती जवळून पाहिली.

ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, रासायनिक प्रक्रिया केलेला कापूस म्हणजे कोलोडियन. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळलेले असतात. मित्राने काच हातावर आडवी धरली, मधोमध हे द्रावण ओतलं आणि काच कलती करत ते चारही कोपऱ्यांना पोचवलं. उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत गेलं. मग त्याने कडेला बोट लावून पाहिलं. थर बोटाला चिकटायला हवा, पण वाहता नको. घाई केली तर तो पुढे काचेवरून सुटतो. उशीर झाला तर चांदी नीट धरत नाही.

नंतर लाल दिव्याखाली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली. ह्या थराला निळा उजेड लागतो, लाल जवळपास लागत नाही. काही मिनिटांनी ती वर काढली, तेव्हा तिच्यावर तेलकट ओघळ दिसले. म्हणजे ईथर-अल्कोहोल अजून थरात होतं. काच पुन्हा बुडवली. द्रावण एकसारखं ओघळू लागल्यावरच ती होल्डरमध्ये गेली.

इथून पुढे खरी धावपळ. थर वाळला की काम संपलं, म्हणून फोटो घेणं आणि डेव्हलप करणं दहा-पंधरा मिनिटांतच उरकावं लागतं. उन्हाळ्यात तेवढाही वेळ मिळत नाही. आर्चरच्या काळातले फोटोग्राफर ह्याच कारणाने डार्करूमचा तंबू बरोबर वागवत.

फेरस सल्फेटचं डेव्हलपर काचेवरून फिरलं आणि काही सेकंदांत निगेटिव्ह दिसू लागलं. पाण्याने ते थांबवून काच हायपोत ठेवली. उजेड न लागलेल्या चांदीच्या क्षारांचा दुधी थर हळूहळू विरघळला आणि सावल्यांच्या जागी स्वच्छ काच उरली. प्रतिमा टिकते ती ह्या शेवटच्या पायरीमुळे. हायपो चुकवलं तर उरलेले क्षार पुढे काळवंडत जातात.

आर्चरने ह्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. १८५७मध्ये तो गरिबीत वारला. त्याची ओली काच मात्र पुढे जवळपास वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या फोटोग्राफरांनी वापरली.