दहा दिवसांत पैसे, दोन टक्के सूट : हिशेब नेमका कसा मांडायचा?

आजचा भाग उधारीवर आहे. उधारी मागायची कशी हे आज नको. वेळेआधी पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्यायची तर ती किती द्यायची आणि बिलावर कशी लिहायची, एवढंच बघू.

उदाहरण आपल्या दिंडोरीचंच घेऊ. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पॅकहाऊसना पुठ्ठ्याची खोकी लागतात. समजा, तुमचा खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. कागदवाला रोख मागतो आणि पॅकहाऊसवाला म्हणतो, "माल विकला की देतो." मधल्या दिवसांचं व्याज तुम्ही भरता.

आता तुम्ही ३ फेब्रुवारीला १ लाखाचा माल दिला, जीएसटी वेगळा. मुदत ४५ दिवस, म्हणजे २० मार्चपर्यंत. तुम्ही म्हणालात, "१३ फेब्रुवारीपर्यंत दिलेत तर २ टक्के सूट." म्हणजे तुम्हाला ९८ हजार मिळणार, पण ३५ दिवस आधी.

हे परवडतं का? बँकेची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांची धरू. ९८ हजारांवर ३५ दिवसांचं व्याज साधारण ११२८ रुपये होतं. सूट मात्र २००० रुपयांची. वर्षाच्या दराने बघितलं तर ही सूट २१ टक्क्यांच्या आसपास पडते. बँकेत मर्यादा शिल्लक असेल तर बँकेचेच पैसे स्वस्त!

मग १ टक्काच देऊ? तुमचा खर्च १००० रुपये, म्हणजे बँकेपेक्षा थोडा कमी. पण समोरच्याच्या बाजूनेही बघा. तोसुद्धा १२ टक्क्यांचंच कर्ज वापरत असेल तर ९९ हजार ३५ दिवस आधी देण्याचं व्याज त्याला ११३९ रुपये पडतं. हजार रुपये वाचवायला तो ११३९ का घालवेल? ज्याचे पैसे चालू खात्यात नुसते पडून आहेत, तो मात्र लगेच घेईल. म्हणून दोघांची परिस्थिती वेगळी असेल तेव्हाच ही सूट जुळते: त्याच्याकडे पैसा मोकळा आहे, किंवा तुमची बँकेची मर्यादा संपली आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात महत्त्वाची. कागदावर ४५ दिवस असले तरी तो प्रत्यक्षात कधी देतो? खातेवही उघडून त्याच्या मागच्या पाच-सहा बिलांचे दिवस मोजा. सरासरी ७० दिवस निघाली तर पैसे ६० दिवस आधी येणार आहेत, आणि तेवढं व्याज १९३३ रुपये होतं. आता २ टक्के जवळपास बरोबरीत आले. जो आधीपासून आठव्या दिवशी पैसे देतो, त्याला मात्र सूट म्हणजे फुकटची खिरापत. आणि नफा शंभराला सहा रुपये असेल तर २ टक्के म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा गेला, हेही धरा.

आता लिहायचं कसं. "लवकर दिल्यास २% सूट" एवढ्यावर भांडण नक्की. लवकर म्हणजे कधी? सूट जीएसटीवरही का? गाडीभाड्यावर? असं लिहा:

"मालाच्या किमतीवर (जीएसटी व भाडे सोडून) २% सूट, म्हणजे रु. २०००. बिलाची पूर्ण उरलेली रक्कम १३ फेब्रुवारीपर्यंत आमच्या खात्यात जमा झाली तरच. चेकची तारीख धरली जाणार नाही. अर्धवट रकमेवर किंवा जुने बिल थकीत असताना सूट नाही. १३ नंतर पूर्ण रक्कम, २० मार्चपर्यंत."

"दहा दिवस" न लिहिता तारीख लिहा, आणि टक्क्याबरोबर रुपयेही. हे ऑर्डर घेतानाच कळवा; बिलावर पहिल्यांदा दिसलं तर उपयोग नाही. सूट दिली की क्रेडिट नोट काढा. ती जीएसटीला हात न लावता काढायची की कर कमी करून, हे सीएला आधीच विचारून ठेवा.

नेहमी बिघडतं ते इथे: गिऱ्हाईक पंचविसाव्या दिवशी पैसे देतं आणि तरी २००० कापून घेतं. ओळखायचं सोपं आहे. जमा रक्कम ठीक २००० ने कमी आणि जमेची तारीख १३ च्या पुढची. त्याच दिवशी फोन करा, "साहेब, तारीख उलटली होती, दोन हजार बाकी आहेत." एकदा सोडलंत की तुमचा भावच २ टक्क्यांनी उतरला.

शेवटचं. तुमची उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारात काहीही लिहा. त्यामुळे सूट ही ४५ दिवसांच्या आत पैसे यावेत म्हणून द्यायची. ४५ नंतरचे पैसे तर हक्काचेच, वर व्याजासकट.

तर आज रात्री एकाच गिऱ्हाइकाची मागची बिलं काढा आणि दिवस मोजा. आकडा काय निघाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात.