फायनलने पुसलेले ५२ गुण

समजा, पुण्यातून इंजिनिअरिंग करून एक मुलगी अमेरिकेत एम. एस. करायला गेली आहे. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं सत्र डिसेंबरच्या मध्याला संपणार. सांख्यिकीच्या विषयात तिच्या दोन मिडटर्म झाल्या आहेत. पहिलीत १०० पैकी ५२, दुसरीत ७८. पहिलीच्या वेळी प्रश्नपत्रिकेची पद्धत नवी होती, वेळ पुरला नाही. गृहपाठात मात्र ९० टक्के आहेत. आता फायनल उरली आहे आणि तिला एकूण ८० हवे आहेत, कारण तिच्या विषयात ‘बी’ गटाची श्रेणी तिथून सुरू होते.

ती वही काढून हिशेब मांडते. गृहपाठाला २० टक्के वेटेज, दोन्ही मिडटर्मना प्रत्येकी २०, फायनलला ४०. गृहपाठाचे १८, पहिल्या मिडटर्मचे १०.४, दुसरीचे १५.६. बेरीज ४४. म्हणजे फायनलमधून ३६ यायला हवेत आणि ४० टक्क्यांच्या पेपरातून ३६ आणायचे तर त्यात ९० पाडावे लागतील. मिडटर्ममध्ये ७८ च्या वर न गेलेल्या मुलीला हा आकडा घाबरवणारच.

पण हा हिशेब चुकला आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मिळालेल्या सिलॅबसमध्ये, हजेरी आणि गृहपाठाच्या नियमांच्या मध्ये, एक वाक्य होतं: फायनलचे गुण सर्वांत कमी मिडटर्मपेक्षा जास्त असतील, तर त्या मिडटर्मच्या जागी फायनलचे गुण धरले जातील. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत, विशेषतः गणित, सांख्यिकी आणि संगणकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत, असा नियम आढळतो. या एका वाक्याने तिला लागणारे ९० गुण ७७.३३ वर येतात.

ते कसं, हे पाहणं सोपं आहे. नियम लागू झाला की ५२ हा आकडा हिशेबातून नाहीसा होतो. त्याची २० टक्क्यांची जागा फायनलकडे जाते, म्हणजे फायनलचं वेटेज ४० वरून ६० होतं. आता हातात आधीचे किती आहेत? गृहपाठाचे १८ आणि दुसऱ्या मिडटर्मचे १५.६, मिळून ३३.६. ८० ला कमी पडतात ४६.४. ते ६० टक्क्यांच्या पेपरातून आणायचे, म्हणून ४६.४ भागिले ०.६, उत्तर ७७.३३. दुसऱ्या मिडटर्ममध्ये तिने जेवढं केलं, जवळपास तेवढंच पुन्हा करायचं आहे.

हाच हिशेब ९० साठी मांडला तर फरक आणखी ठळक होतो. जुन्या पद्धतीने फायनलमध्ये ११५ लागतात, म्हणजे वरच्या श्रेणीचा दरवाजा ऑक्टोबरमध्येच बंद झाला असता. नव्या पद्धतीने ९४ लागतात. ९४ अवघड आहेत, पण १०० च्या आत आहेत.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ७७.३३ हा आकडा काढताना ५२ कुठेही वापरले नाहीत. पहिल्या मिडटर्ममध्ये तिला ५२ ऐवजी ३० मिळाले असते, किंवा तापामुळे पेपर चुकून शून्य लागलं असतं, तरी ८० साठी लागणारे गुण तेवढेच राहिले असते. म्हणूनच काही प्राध्यापक याच नियमाने चुकलेल्या मिडटर्मचाही प्रश्न सोडवतात. एकाच आजारी विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढायची, ती पहिलीइतकीच अवघड ठेवायची, हे काम वाचतं. फायनलमध्ये सत्राच्या सुरुवातीचा भागही येत असेल, तर त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: जे सप्टेंबरात आलं नाही ते डिसेंबरात येत असेल, तर शेवटी विद्यार्थ्याला काय येतं हेच मोजावं. फायनल फक्त शेवटच्या प्रकरणांवर असेल, तर मात्र हे समर्थन कच्चं पडतं.

मग ५२ आणि शून्य यांत काहीच फरक नाही का? आहे, पण तो फक्त फायनल बिघडली तर दिसतो. समजा फायनलमध्ये ४५ मिळाले. ५२ असलेल्या मुलीचा नियम लागूच होत नाही, तिचे ५२ तसेच राहतात आणि एकूण ६२ होतात. शून्य असलेल्याच्या जागी ४५ येतात आणि एकूण ६०.६ होतात. सर्वांत कमी मिडटर्म म्हणजे पायाखालची जमीन. फायनल त्याहून खाली गेली, तरच तिचा आधार लागतो.

याच ठिकाणी दुसरी चूक होते, आणि ती उलट्या दिशेची असते. एखाद्याला फक्त ६० हवे आहेत. नियम माहीत असल्याने तो सरळ ६० टक्क्यांचा हिशेब करतो: ६० वजा ३३.६, म्हणजे २६.४, भागिले ०.६, उत्तर ४४. पण ४४ हे ५२ पेक्षा कमी आहेत, मग अदलाबदल होणारच नाही. तेव्हा जुनाच हिशेब धरायला हवा: १६ भागिले ०.४, म्हणजे ४०. खरं उत्तर ४०. म्हणून आधी अदलाबदल होईल असं धरून उत्तर काढायचं, मग ते सर्वांत कमी मिडटर्मपेक्षा जास्त आहे ना, हे बघायचं. नसेल तर साधा हिशेब. आपल्या उदाहरणातली सीमारेषा ६४.८ वर आहे, कारण फायनलमध्येही नेमके ५२ च मिळाले तर एकूण तेवढे होतात. त्याहून मोठं ध्येय असेल तर पहिली रीत, लहान असेल तर दुसरी.

या सीमारेषेचा अभ्यासाच्या वेळेशीही संबंध आहे. ५२ च्या खाली फायनलचा प्रत्येक गुण एकूण गुणांत ०.४ ची भर घालतो, ५२ च्या वर ०.६ ची. डिसेंबरच्या त्या आठवड्यात तिचे तीन पेपर असतील आणि बाकी दोन विषयांत असा नियम नसेल, तर सांख्यिकीत वाढवलेले दहा गुण तिला एकूण सहा गुण देतात, तर इतर विषयांत ४० टक्क्यांच्या फायनलमध्ये वाढवलेले दहा गुण चारच देतात. वेळ कुठे द्यावा, हे त्यावरून ठरू शकतं.

वही नको असेल तर स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते. B1 मध्ये गृहपाठ, B2 आणि B3 मध्ये मिडटर्म, B4 मध्ये फायनल, सगळे शेकड्यांत:

```
=0.2*B1+0.2*MAX(B2,B3)+0.2*MAX(MIN(B2,B3),B4)+0.4*B4
```

B4 मध्ये ८५ टाकले तर उत्तर ८४.६ येतं. आकडा बदलत गेलं की हवं ते एकूण कधी येतं, ते दिसतं. सगळे गुण शेकड्यांत हवेत हे मात्र विसरू नये. मिडटर्म ५० पैकी आणि फायनल १५० पैकी असेल, तर कच्चे आकडे टाकून तुलना करता येत नाही.

पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्यांना हा नियम नवा वाटणं साहजिक आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या आराखड्यात लेखी विषयाला साधारणपणे इन-सेम ३० गुणांची आणि एन्ड-सेम ७० गुणांची असते, आणि दोन्हींची बेरीज होते. इन-सेममध्ये १२ मिळाले तर एन्ड-सेममध्ये कितीही चांगलं केलं तरी ते १२ च राहतात. एकूण ६० हवे असतील तर ७० पैकी ४८ पाडावे लागतात. या सवयीमुळे मुलं सिलॅबसमधलं ते वाक्य वाचतात, पण हिशेब जुन्याच रीतीने करतात.

नियमाचेही प्रकार आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये याला ‘क्लॉबर’ म्हणतात, आणि काही अभ्यासक्रमांत ती तुलना कच्च्या गुणांची नसते. विद्यार्थी वर्गाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलन वर किंवा खाली आहे, ते पाहिलं जातं. समजा पहिल्या मिडटर्मची वर्गाची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १६ होतं. फायनल सोपी निघाली, सरासरी ७० आणि प्रमाण विचलन १२. आपल्या मुलीला ५८ मिळाले. साध्या तुलनेत ५८ हे ५२ पेक्षा जास्त. पण वर्गाच्या मानाने ती एक प्रमाण विचलन खाली आहे, आणि मिडटर्मच्या मापात त्याचे ३४ होतात. ३४ हे ५२ पेक्षा कमी, म्हणून बदल नाही. उलट फायनल कठीण निघून सरासरी ४५, प्रमाण विचलन १५ असेल आणि तिला ६० मिळाले, तर ती एक प्रमाण विचलन वर आहे. मग ५२ च्या जागी ६० नव्हे, ६६ येतात. या प्रकारात फायनलमध्ये नेमके किती हवेत, हे आधी सांगताच येत नाही, कारण सरासरी पेपर झाल्यावरच कळते.

आणखी एक मर्यादा आहे. काही वर्गांत ठरावीक वाट्यालाच वरच्या श्रेणी मिळतात. तिथे सगळ्यांचेच गुण वाढतात, म्हणून एकाचे वाढले तरी त्याची जागा बदलेलच असं नाही. ज्याच्या दोन्ही मिडटर्म चांगल्या गेल्या, त्याला या नियमातून फारसं काही मिळत नाही, आणि ज्याची एकच बिघडली, तो त्याच्या जवळ येतो.

आपल्या मुलीच्या विषयात श्रेणी ठरलेल्या आकड्यांवर आहेत आणि तुलना साधी आहे. तिला फायनलमध्ये ७९ मिळाले. कॅनव्हास या गुणनोंदीच्या प्रणालीत तिचं एकूण ७५.६ दिसलं. त्या प्रणालीत सर्वांत कमी गुण वगळण्याची सोय आहे, पण मिडटर्मच्या जागी फायनल घालणारा नियम तयार मिळत नाही. तो आकडा प्राध्यापकांना किंवा त्यांच्या टीचिंग असिस्टंटना हाताने बदलावा लागतो. तिने सिलॅबसमधल्या वाक्याचा उल्लेख करून दोन ओळींचं मेल पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मिडटर्मसमोर ५२ च्या जागी ७९ आले होते आणि खाली एकूण ८१.