पस्तीसचं पेट्रोल, पावणेदोनशेचा होल्ड

अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर रोज लाखो वेळा एक अजब व्यवहार होतो. यंत्र माल द्यायला तयार होतं, पण बिल किती होणार याचा त्याला पत्ता नसतो. किराणा दुकानात आधी बेरीज होते आणि मग कार्ड पुढे येतं. पंपावर कार्ड आधी आणि बेरीज शेवटी, आणि मधे माणूस कुणीच नाही. टाकी भरून गाडी निघून गेली आणि मागाहून कळलं की खात्यात खडखडाट आहे, तर पंपवाला काय करणार? पेट्रोल काही टाकीतून परत काढता येत नाही.

या पेचातून जी वाट काढली आहे, तिचेच पडसाद तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन-तीन दिवस दिसत राहतात.

समजा, डॅलसमध्ये शिकणारा आपला एक मुलगा शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरायला गेला. डेबिट कार्डाच्या खात्यात २१० डॉलर आहेत. त्याने पंपात कार्ड घातलं, पिन न देता क्रेडिटचं बटण दाबलं, ११ गॅलन भरलं. गॅलनला ३ डॉलर २० सेंट, म्हणजे ३५ डॉलर २० सेंट झाले. तिथून तो भारतीय दुकानात गेला, ४८ डॉलरचं सामान घेतलं आणि कार्ड नाकारलं गेलं. अ‍ॅप उघडलं तर वापरता येण्याजोगी शिल्लक फक्त ३५ डॉलर. पेट्रोलच्या नावापुढे १७५ डॉलर, आणि खाली ‘पेंडिंग’.

हे १७५ आले कुठून? पंपाने बँकेला विचारताना बहुधा एवढी रक्कम सांगितलेलीही नसते. पुष्कळ पंप फक्त १ डॉलरची परवानगी मागतात. पण त्या निरोपासोबत ५५४२ हा चार आकडी संकेत जातो. त्याचा अर्थ असा की हा माणसाविना चालणारा पेट्रोल पंप आहे. तो दिसला की बँकेला कळतं, हा एक डॉलर नावापुरता आहे, खरं बिल अजून जन्मालाच आलेलं नाही. बँकेने होकार दिला, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बिलाची हमी तिच्यावर येते. २०२२ साली पेट्रोल भडकलं, तेव्हा व्हिसा आणि मास्टरकार्डने ही मर्यादा १२५ डॉलरवरून १७५ वर नेली. आता खातेदाराचे किती पैसे अडवून ठेवायचे, हे बरंचसं बँकेच्या मर्जीवर असतं. कुणी एकच डॉलर अडवते, कुणी शंभर, कुणी पूर्ण १७५. म्हणूनच एकाच पंपावर, एकाच वेळी पेट्रोल भरणाऱ्या दोघांच्या अ‍ॅपमध्ये वेगवेगळे आकडे दिसतात आणि दोघंही पंपवाल्याला शिव्या घालतात. त्या बिचाऱ्याच्या हाती यातला एक छदामही आलेला नसतो. पैसा खात्यातून हललेलाच नाही; बँकेने त्यावर फक्त हात ठेवला आहे.

मुलाने नळी जागेवर अडकवली, त्या क्षणी पंपाला पहिल्यांदा खरा आकडा कळला. नीट जोडलेला पंप लगेच दुसरा निरोप पाठवतो: मघाच्या परवानगीचे ३५ डॉलर २० सेंट झाले. तो निरोप पोचला आणि बँकेने तो वाचला, की होल्ड आक्रसून ३५.२० वर येतो. कार्ड कंपन्यांना हे तासा-दोन तासांत व्हायला हवं असतं, आणि बहुतेक वेळा होतंही. पिन देऊन डेबिट कार्ड वापरलं तर प्रकरण सहसा काही मिनिटांतच मिटतं, कारण तिथे हा शेवटचा निरोप म्हणजेच पैसे वळते करण्याचा हुकूम असतो.

पण पिनशिवायच्या व्यवहारात खरी वसुली वेगळ्या वाटेने येते. दिवसभराच्या विक्रीची चळत रात्री पंपाच्या बँकेकडे जाते, तिथून कार्ड कंपनीकडे आणि मग ग्राहकाच्या बँकेकडे. या वाटेला शनिवार-रविवार आडवे येतात. दुसरा निरोप मधेच हरवला असेल, किंवा बँकेने त्याची दखल घेतली नसेल, तर १७५ चा होल्ड ही चळत येईपर्यंत तसाच राहतो. शुक्रवार संध्याकाळचा व्यवहार मग सोमवारी किंवा मंगळवारी ‘पोस्टेड’ होतो. क्रेडिट कार्डावर हाच होल्ड वापरायच्या मर्यादेला तेवढा काळ चावतो, त्यावर व्याज लागत नाही. डेबिट कार्डावर मात्र तो थेट खात्यातल्या पैशावर बसतो.

सगळ्यात चमत्कारिक प्रकार यापुढचा. वसुलीची नोंद आली, की ती कुठल्या होल्डची आहे हे बँकेच्या यंत्रणेला ओळखावं लागतं. नुसत्या रकमेवरून जुळवायचं म्हटलं तर १७५ आणि ३५.२० यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. म्हणून प्रत्येक परवानगीला एक ओळख क्रमांक दिलेला असतो आणि तो वसुलीसोबत परत यावा लागतो. तो गळाला किंवा चुकीचा आला, तर बँकेच्या दृष्टीने हे दोन वेगळे व्यवहार. मग ३५.२० प्रत्यक्ष वजा होतात आणि १७५ अडकलेलेही राहतात. आपल्या मुलाच्या २१० डॉलरमधून दोन्ही वजा करून पाहा: शिल्लक उणे २० सेंट! चोरी कुणीच केलेली नाही, तरी खातं तळाला गेलं.

अशा अनाथ होल्डला सोडवायला मग घड्याळाशिवाय कुणी उरत नाही. प्रत्येक बँकेची मुदत ठरलेली असते, बहुतेक वेळा तीन-चार दिवस, काहींची आठवडाभर. मुदत संपली की ती ओळ अ‍ॅपमधून नाहीशी होते. परतावा म्हणून कुठे जमा दिसत नाही, कारण पैसे गेलेच नव्हते. नळी उचलली आणि पेट्रोल न भरताच परत ठेवली, तर पंपाने शून्याचा निरोप पाठवायला हवा. तो गेला नाही तर त्या होल्डचीही हीच गत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवं वाटेल, कारण आपल्याकडे पंपावरचा माणूस आधी पेट्रोल भरतो आणि मग मशीनवर नेमका आकडा टाकतो. अडवून ठेवायला अंदाज उरतच नाही. क्रेडिट कार्डावर एक टक्का इंधन अधिभार लागतो आणि काही कार्डांवर तो नंतर परत येतो, पण ते प्रकरण वेगळं.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना मात्र हे ठाऊक असलेलं बरं. फॉरेक्स कार्डात १५० डॉलर असतील आणि ३० चंच पेट्रोल हवं असेल, तरी पंप नकार देऊ शकतो किंवा जवळपास सगळी रक्कम अडकवू शकतो. शिवाय पंप पाच आकडी अमेरिकन पिनकोड मागतो, तो आपल्या कार्डाशी जुळत नाही. दोन्हीवर सोपा उपाय आहे. आत काउंटरवर जा, पंपाचा नंबर सांगा आणि ‘तीस डॉलरचं’ म्हणून कार्ड द्या. रक्कम आधीच ठरली, की परवानगीही तेवढ्याचीच मागितली जाते.

आणि आधीच अडकला असाल, तर पंपावर जाऊन भांडू नका. होल्ड बँकेच्या हातात असतो. पावती जवळ ठेवून कार्डामागच्या नंबरवर फोन करा आणि अंतिम रक्कम सांगा. एक ओळ पेंडिंग आणि एक पोस्टेड असेल, तर पेंडिंग आपोआप जाईल. दोन्ही ओळी पोस्टेड दिसल्या तर मात्र पैसे खरोखर दोनदा गेलेत, त्याच दिवशी लेखी तक्रार करा.