खर्च वजा जाता

मच्छीमार बोटीवरच्या खलाशाला पगार किती, असं विचारलं तर छोट्या बोटीवरचा माणूस आकडा सांगत नाही. ‘मिळेल तसं’ म्हणतो. हे उत्तर टाळाटाळीचं नाही. कोकण किनाऱ्यावर जाळी टाकणाऱ्या अनेक छोट्या यांत्रिक बोटींवर आजही पगार नसतो, वाटा असतो. वाटे आधीच ठरलेले असतात. न ठरलेली असते ती रक्कम, जिच्यातून ते काढायचे.

हर्णैला संध्याकाळी बोटी लागल्या की पुळणीवर लिलाव सुरू होतो. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी वेगवेगळी मांडलेली असते, बोली भराभर चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या फेरीचा निकाल लागतो. निदान तसं वाटतं. खरा निकाल त्यानंतर, बोटवाल्याच्या ओटीवर वही उघडल्यावर लागतो.

एक हिशेब पाहू. बंदराबंदरांत प्रमाण बदलतं, डिझेल-बर्फाचे भाव तर रोजच हलतात, म्हणून हे आकडे नमुन्यादाखल धरा. बोटीवर तांडेल आणि 5 खलाशी, असे 6 जण. तीन दिवसांची फेरी. मासळी विकली गेली 1,00,000 रुपयांना. लिलाव करणाऱ्याची दलाली 5 टक्के, म्हणजे हातात आले 95,000. आता खर्च काढायचा: 250 लिटर डिझेल, 92 रुपयांनी 23,000; दीड टन बर्फ 3,600; तांदूळ-डाळ, गॅस, पाणी, चहा-विडी मिळून 3,400. एकूण 30,000. खर्च वजा जाता उरले 65,000.

याचे सरळ दोन भाग होतात. अर्धा, म्हणजे 32,500, बोटीचा. यात बोटीबरोबर इंजिन आणि जाळीही आली. जाळं फाटलं, इंजिन उघडावं लागलं, बँकेचा हप्ता आला, तर तो या अर्ध्यातून भागवायचा. उरलेला अर्धा माणसांचा. खलाशाला एक वाटा, तांडेलाला दीड, असे साडेसहा वाटे झाले. एका वाट्याला 5,000 आले, तांडेलाला 7,500.

मालक स्वतः तांडेल असेल तर? त्याला बोटीचे 32,500 मिळतातच, वर तांडेलाचे 7,500 मिळतात. बाहेरून बघणाऱ्याला हा दुहेरी डल्ला वाटतो, पण हिशेब चोख आहे. बोट त्याची आहे म्हणून एक भाग, आणि तो रात्रभर सुकाणूवर उभा राहिला म्हणून दुसरा. मालक घरी राहिला तर तो दुसरा वाटा, त्याच्या जागी जो तांडेल जाईल त्याला. काही ठिकाणी खलाशी आपापली जाळी घेऊन बोटीवर येतात. तिथे जाळ्याचाही स्वतंत्र वाटा असतो आणि बोटीचा भाग तेवढा खाली येतो. कालवणाची मासळी मात्र सगळ्यांची. ती घरी जाते आणि वहीत चढत नाही.

आता पुढची फेरी. तेवढंच डिझेल, तेवढाच बर्फ, पण मासळी निम्मीच, 50,000 रुपयांची. दलाली गेली, 47,500 राहिले. खर्च तोच 30,000. उरले 17,500. माणसांच्या वाट्याला 8,750 आणि एका खलाशाला 1,346 रुपये. मासळी निम्मी झाली, खलाशाची कमाई मात्र चौथाईवर आली. विक्री 30,000 वर घसरली तर दलाली जाऊन 28,500 राहतात, म्हणजे 1,500 रुपयांची खोट. अशी खोट बहुतेक वेळा पुढच्या फेरीच्या खर्चात धरली जाते. तीन दिवस समुद्रावर राहून खलाशी डोक्यावर बाकी घेऊन उतरतो.

भांडण होतं ते बहुधा ‘अर्धा-अर्धा’ या प्रमाणावर होत नाही. ते होतं वजाबाकीवर. खर्च आधी काढला की डिझेलचा निम्मा भार खलाशांवर पडतो. समजा पद्धत उलटी असती: दलाली गेल्यावर लगेच वाटणी, एक तृतीयांश माणसांना, आणि सगळा खर्च मालकाच्या दोन भागांतून. चांगल्या फेरीत खलाशाला साधारण 4,870 मिळाले असते, म्हणजे किंचित कमी. वाईट फेरीत मात्र 1,346 ऐवजी 2,436. आणि मालकाच्या हाती? वाईट फेरीत अवघे 1,667, त्यात जाळी-इंजिन सगळं बसवायचं. म्हणून मालक खर्च आधी काढायला चिकटून राहतो. त्याचं अगदीच चूक नाही. डिझेल खलाशांच्याही खिशातून जात असलं की उगाच लांब पळायचा आग्रह बोटीवर कुणी धरत नाही.

बर्फाचं तसं नाही. तो सगळ्यांत स्वस्त, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, आणि तीच महागात जाते. आपल्याकडच्या उकाड्यात मासळीच्या वजनाइतका तरी बर्फ हवा, तोही फोडून थराथरात घातलेला. नाहीतर तळची सुरमई दुसऱ्या दिवसापासूनच मऊ पडते. लिलावात घेणारी बाई कल्ला उचलून बघते. लाल असेल तर बोली, तपकिरी असेल तर पुढच्या ढिगाकडे. हजार रुपयांचा बर्फ वाचवून पाच-दहा हजारांचा भाव घालवलेल्या फेऱ्या प्रत्येक बंदरात सापडतील.

डिझेलच्या आकड्यावर जाणत्या खलाशाचा डोळा असतो. आपलं इंजिन तासाला किती पितं हे त्याला ठाऊक असतं. आठ लिटर पीत असेल आणि इंजिन 31 तास चाललं असेल, तर 250 लिटर जुळतं. 22 तासच चाललं असेल, तर सत्तरेक लिटर टाकीत उरलं असणार. टाकी भरल्याची पूर्ण रक्कम या फेरीत आणि उरलेलं डिझेल पुढच्या फेरीत पुन्हा, अशी दुबार नोंद इथेच शिरते, कधी लबाडीने, कधी नुसत्या घाईने. पंपाची, बर्फाच्या कारखान्याची आणि लिलावाची अशा तीन चिठ्ठ्या सगळ्यांसमोर ठेवल्या की हा प्रश्न मिटतो.

परतावा मात्र चिठ्ठीवर दिसत नाही. महाराष्ट्र सरकार मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बोटींच्या डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा देतं. तो बोटमालकाच्या नावावर जमा होतो आणि पुष्कळदा महिनोन्‌महिने उशिरा येतो. फेरीच्या हिशेबात डिझेल मात्र पंपाच्या पुऱ्या भावाने कापलेलं असतं. लिटरमागे 10 रुपये परत आले असं धरा. आपल्या फेरीचे 2,500 झाले, त्यातले निम्मे माणसांचे, म्हणजे वाट्याला 190 रुपयांच्या आसपास. एका फेरीत हे काहीच नाही, हंगामभरात पुष्कळ होतं. माझ्या मते हा पैसा वाटणीत यायला हवा, कारण ज्या खर्चाचा तो परतावा आहे तो खलाशांनीही सोसलेला असतो. मालक म्हणतात की परतावा येईपर्यंत उधारीचं व्याज आम्हीच भरतो. तेही खरं आहे. मग व्याज वजा करून उरलेलं वाटा, एवढंच.

मोठ्या बोटींवर ही सगळी वजाबाकी हळूहळू सुटत चालली आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नेपाळ आणि कर्नाटकातून आलेले खलाशी दिसतात, आणि त्यांतले अनेक जण महिन्याच्या ठरल्या पगारावर असतात. मासळी चांगली लागली तर वर काही मिळतं. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला वहीतल्या नशिबापेक्षा पक्की रक्कम परवडते. जून-जुलैच्या बंदीत वाट्यावरच्या खलाशाला काहीच येत नाही. तो मालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेस्तोवर पुढचा हंगाम त्याच बोटीशी बांधला जातो. उचल वाट्यातून कापायची, पण किती फेऱ्यांत, हे बहुतेकदा तोंडीच ठरतं.

मासेमारीतल्या कामाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2007 साली केलेल्या 188 क्रमांकाच्या कराराने यावर नेमकं बोट ठेवलं आहे. माणूस वाट्यावर असेल तर वाटा किती आणि तो कसा मोजायचा, दोन्ही लेखी करारात हवं, असं त्यात म्हटलं आहे. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. आपल्याकडे यातलं ‘किती’ पुळणीवरचं पोरही सांगेल. ‘कसा मोजायचा’ हे मालकाच्या वहीत असतं, आणि ती वही खलाशाला वाचायला मिळेल की नाही हे मालकावर अवलंबून असतं.