चॅनेलची ओळख: दोन रंग, एक फाँट, तीन सेकंद

रेसिपीचं चॅनेल आहे असं धरा. गडद हिरवा #1B4332 आणि हळदी पिवळा #F9C74F, एवढे दोनच रंग ठरवा. कोड लिहून ठेवा, कारण अंदाजाने निवडलेला पिवळा दर व्हिडिओत बदलतो. फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’चा Mukta. माझा अतिशय आवडता! त्यात मराठी आणि इंग्रजी अक्षरं एकाच वळणाची आहेत. थंबनेलवर मात्र ठळकच वापरा. बारीक अक्षरातले अनुस्वार मोबाइलवर दिसत नाहीत.

इंट्रो अगदी सुरुवातीला नको. आधी फोडणी तडतडू दे, पदार्थ दिसू दे, मग तीन सेकंद नाव. नंतर YouTube Studio मधला प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघा. पहिल्या काही सेकंदांत थोडी गळती होतेच, पण नेमकी इंट्रोपाशी रेषा कोसळत असेल तर तो आणखी कापा.