निवृत्तीची रक्कम आणि प्राप्तिकर

निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारे पैसे एकाच धनादेशाने आले, तरी कराच्या दृष्टीने ते एकाच जातीचे नसतात. ग्रॅच्युइटी निराळी, शिल्लक रजेचा पगार निराळा आणि विकलेले पेन्शन निराळे. प्रत्येकाच्या माफीचा नियम वेगळा आहे.

आपल्या कोल्हापूर भागातील एखाद्या सहकारी साखर कारखान्यातील कायम कारकुनाचे उदाहरण घेऊ. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार ३९,००० रुपये, नोकरी ३१ वर्षे ८ महिने. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले अपुरे वर्ष पुरे धरतात, म्हणून वर्षे झाली ३२. पगाराला २६ ने भागावे व १५ ने गुणावे. १९७२ च्या कायद्याने बसवून दिलेली ही रीत आजही तीच आहे. वर्षाला २२,५०० प्रमाणे ७,२०,००० रुपये होतात. हे २० लाखांच्या मर्यादेच्या आत असल्याने सगळेच करमुक्त. कारखान्याने खुशीने ८,२०,००० दिले, तर वरच्या एक लाखावर मात्र कर आहे. आणि फक्त गळीत हंगामापुरता कामावर असणाऱ्याचा हिशोब पंधरा दिवसांचा नव्हे, हंगामाला सात दिवसांच्या पगाराचा होतो.

खरी गफलत होते ती रजेच्या पगारात. या कारकुनाची ३०० दिवसांची रजा शिल्लक होती. कारखान्याने शेवटच्या पगाराने दहा महिन्यांचे ३,९०,००० दिले. पण माफी धरताना शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराचा हिशोब होतो. त्याला पगारवाढ मिळाली ती शेवटच्या तीन महिन्यांपुरती. त्याआधी सात महिने पगार ३८,००० होता. सरासरी आली ३८,३००, म्हणून माफी ३,८३,००० ची आणि ७,००० वर कर. एप्रिल २०२३ पूर्वी माफीची कमाल मर्यादा तीनच लाख होती. तेव्हा हाच माणूस ९०,००० वर कर भरता. आता ती २५ लाख आहे. कार्यालयाने जुनीच मर्यादा धरली तर कर जास्त कापला जातो. आपल्या कापणीच्या कागदावर हे पाहावे, आणि जादा कापले असल्यास विवरणपत्र भरताना परत मागावे. रजा विकण्याचे काम नोकरीत असतानाच दरवर्षी केले, तर ही माफी मिळतच नाही. ते पैसे सगळे करपात्र.

आता गुरुजींकडे वळू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून मिळालेली एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त असते. खाजगी नोकरीत ग्रॅच्युइटी मिळत असेल, तर पूर्ण पेन्शन विकल्यास जी रक्कम आली असती तिच्या एक तृतीयांशाएवढीच माफ होते. ग्रॅच्युइटी नसेल तर निम्मी. पण विकल्यानंतर उरलेले दरमहाचे पेन्शन मात्र पगारासारखेच करपात्र आहे. ‘पेन्शनवर कर नाही’ असे कट्ट्यावर ऐकले, तर कोणत्या पेन्शनवर, एवढे विचारून घ्यावे.